कॉलेबल बॉण्डचं इफेक्टिव्ह ड्युरेशन: उत्तर चुकलंय हे सांगणारी एक खूण

सीएफए लेव्हल टूच्या तयारीत किंवा ट्रेझरीतल्या पहिल्या नोकरीत हा विषय प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मॉडिफाइड ड्युरेशन, बायनोमियल ट्री आणि कॉल ऑप्शन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. सूत्र तर अगदीच छोटं आहे:

```
EffDur = (PV- − PV+) / (2 × ΔCurve × PV0)
```

कर्व्ह खाली सरकवल्यावरची किंमत, वर सरकवल्यावरची किंमत आणि आजची किंमत. क्लासच्या नोट्समध्ये हे सूत्र चौकटीत असतं आणि खाली एक ओळ असते, "कॉलेबलचं ड्युरेशन स्ट्रेट बॉण्डपेक्षा कमी, लक्षात ठेवा." ती ओळ बरोबर आहे. पण तेवढ्यावर भागवलं, तर सरकवल्यानंतरच्या त्या दोन किमती काढताना हमखास फसगत होते. सगळं दुखणं त्या दोन किमतींतच आहे.

इथे यील्डऐवजी कर्व्ह का सरकवायचा? कॉलेबल बॉण्डला स्वतःचं असं एकच यील्ड नसतं. दर उतरले की कंपनी बॉण्ड परत घेते आणि तुमच्या हाती येणारे पैसेच बदलतात. जी गोष्ट बदलल्यामुळे कंपनीचा निर्णय बदलतो तीच हलवावी लागते, आणि ती गोष्ट म्हणजे बाजारातला बेंचमार्क कर्व्ह.

कॅल्क्युलेटरवर करून बघता येईल असं छोटं उदाहरण घेऊ. वह्यांमध्ये तीन-चार वर्षांचे ट्री असतात, पण शिकताना मला दोन वर्षांचाच ट्री आवडतो. त्यात लपायला जागा नाही.

बॉण्ड दोन वर्षांचा, कूपन वर्षाला 8, दर्शनी किंमत 100. पहिल्या वर्षाच्या शेवटी कंपनी 100 ला परत घेऊ शकते. बेंचमार्क पार कर्व्ह सपाट 7 टक्के, दरांची अस्थिरता 15 टक्के. ट्री बेंचमार्कशी जुळवला की पुढच्या वर्षाचे दोन दर येतात, वरचा 8.054 आणि खालचा 5.966 टक्के. समजा बाजारात बॉण्ड 100.23 ला मिळतोय. ट्रीमधल्या प्रत्येक दरात 50 बेसिस पॉइंट मिळवले की मॉडेलची किंमत बरोबर 100.23 येते. म्हणजे या बॉण्डचा ऑप्शन-अ‍ॅडजस्टेड स्प्रेड, थोडक्यात ओएएस, 50 बेसिस पॉइंट. एक्सेलमध्ये हा गोल सीकने दोन मिनिटांत सापडतो.

ती किंमत कशी येते ते एकदा पाहा. वरच्या नोडवर 108 भागिले 1.08554, म्हणजे 99.49. ही शंभराच्या खाली आहे, कंपनी कॉल करणार नाही. खालच्या नोडवर 108 भागिले 1.06466, म्हणजे 101.44. कंपनी 100 देऊन मोकळी होईल, म्हणून तिथे 100 लिहायचे. दोन्हींची सरासरी 99.74, त्यात कूपनचे 8, आणि सगळं 1.075 ने भागलं की 100.23.

आता सरकवू. पार कर्व्ह 25 बेसिस पॉइंटने वर, म्हणजे 7.25 टक्के. ट्री नव्याने जुळवायचा. दर येतात 8.342 आणि 6.180. त्यांत तोच 50 चा ओएएस मिळवायचा आणि प्रत्येक नोडवर कॉलची तपासणी पुन्हा करायची. वरचा नोड 99.23, खालचा कॉल होऊन 100, आजची किंमत 99.87. मग कर्व्ह खाली, 6.75 टक्के. वरचा नोड 99.75, खालचा पुन्हा 100, आजची किंमत 100.58. सूत्रात टाका: 0.712 भागिले 0.501, उत्तर 1.42.

हाच बॉण्ड कॉलशिवाय असता तर याच पद्धतीने 1.79 आलं असतं. पहिल्याच वर्षी नक्की कॉल होणार असं धरलं तर 0.93. आपलं उत्तर या दोघांच्या मध्ये पडलं. काही महाभाग "यील्ड टू वर्स्ट बघ, त्याचं मॉडिफाइड ड्युरेशन घे, संपलं" असा सल्ला देतात. या शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे. तो 0.93 आणि 1.79 यांतलं एक टोक पकडतो आणि दर जरासा हलला की एका टोकावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो. आपल्याकडे बँकांच्या एटी-1 पर्पेच्युअल बॉण्डवरून जो गोंधळ झाला, त्याच्या मुळाशी हीच ओढाताण होती. म्युच्युअल फंड कॉलची तारीख हीच मुदत धरून चालत होते. मार्च 2021 मध्ये सेबीने 100 वर्षं मुदत धरायला सांगितली आणि त्याच महिन्यात तो बदल टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं. मुदतीची तारीख कुठलीही धरा, त्यातून मिळतं ते फक्त एक टोक.

आता खरा सापळा. यात माझे इतके तास गेलेत की इथे जरा पाल्हाळ लावणारच.

सरकवलेल्या किमती काढताना ओएएस मिळवायचा राहून जातो. राहण्याचं कारणही साधं आहे: ओएएस आजची किंमत जुळवायला काढलेला असतो, किंमत जुळली की त्याचं काम झालं असं वाटतं. मग नवा कर्व्ह, नवा ट्री, आणि आपण थेट ट्रीच्या दरांनीच भागायला लागतो. ओएएस हा बॉण्डच्या पत-जोखमीचा आणि तरलतेचा मोबदला आहे. बेंचमार्क हलला म्हणून तो शून्य होत नाही. इफेक्टिव्ह ड्युरेशनची व्याख्याच ओएएस आणि अस्थिरता तशीच ठेवून केलेली आहे.

राहिला तर काय होतं ते बघा. कर्व्ह वर सरकवल्यावर, ओएएस न मिळवता, वरचा नोड 99.68 येतो आणि आजची किंमत 100.55. कर्व्ह खाली सरकवल्यावर वरचा नोड 100.22 होतो, म्हणजे तिथेही कॉल लागतो, आणि आजची किंमत 101.17. सूत्रात टाकलं की उत्तर 1.23.

घातक आहे तो हा 1.23. तो 0.93 आणि 1.79 च्या मध्येच आहे, "कॉलेबलचं कमी" ही ओळही पाळतो. परीक्षेत पर्यायांमध्ये असा आकडा हमखास दिलेला असतो. स्ट्रेट बॉण्डमध्ये हीच चूक जवळपास पचून जाते, कारण दोन्ही किमती सारख्याच फुगतात आणि वजाबाकीत फुगवटा निघून जातो. कॉलेबलमध्ये तो निघत नाही. ओएएस गेला की नोडवरच्या किमती चढतात, कॉलची रेघ ओलांडतात, आणि जिथे कंपनीने बॉण्ड ठेवला असता तिथे मॉडेल तो परत घेतं. छेदात बाजारभावाऐवजी ओएएसशिवायची मॉडेल किंमत, म्हणजे 100.91, टाकली तरी उत्तर 1.23 च राहतं. वजाबाकीच नासलेली आहे, छेद बदलून काय होणार.

पण ओळखायची खूण सोपी आहे. भागाकाराला हात लावण्याआधी तिन्ही किमती एकाखाली एक लिहा. दर चढल्यावरची किंमत आजच्यापेक्षा कमी असलीच पाहिजे. आपल्या बरोबर गणितात 100.58, 100.23, 99.87 अशी उतरण आहे. चुकलेल्या गणितात दर चढूनही किंमत 100.23 ची 100.55 झाली. असं दिसलं की थांबा, ओएएस कुठेतरी गळलाय. माझ्या एका सिनियरला ही सवय होती, तिन्ही किमती समासात लिहिल्याशिवाय तो पुढे जायचाच नाही. सूत्रं पाठ करून घेणाऱ्या दहा गुरूंपेक्षा असा एक बरा.

ओएएस नकारात्मक असेल तर मात्र उलटं होईल, दर उतरल्यावरची किंमत आजच्याखाली जाऊ शकेल. आणि ओएएस अगदी बारीक असेल, पाच-दहा पॉइंटांचा, तर क्रम बिघडणारच नाही आणि ही खूण गप्प बसेल. तेव्हा दोन्ही बाजूंची घट-वाढ वेगवेगळी मोजा. आपल्या गणितात खाली 0.36 आणि वर 0.35, जवळपास सारखी. त्यांत मोठी तफावत असेल तर एकतर ओएएस राहिलाय किंवा कॉलची रेघ ओलांडली गेलीय.

दुसरी एक घाई लोक करतात: कर्व्ह सरकवून ट्री पुन्हा जुळवण्याऐवजी जुन्या ट्रीच्या सगळ्या दरांत सरळ 25 पॉइंट मिळवतात. इथे तसं केलं तर 1.36 येतं. कारण अस्थिरता टक्क्यांत आहे, दर चढले की नोडमधलं अंतरही वाढायला हवं, आणि नुसत्या बेरजेने ते वाढत नाही. परीक्षेत बहुतेक वेळा सरकवलेल्या कर्व्हचा ट्री तयार दिलेला असतो, त्यामुळे तिथे फारशी काळजी नको. नोकरीत मात्र कुणी देत नाही.

सरकवायचं किती, याला एकच उत्तर नाही. इथे कर्व्ह 100 बेसिस पॉइंट हलवला तर खाली 101.41 आणि वर 98.82 येतात, आणि ड्युरेशन 1.42 ऐवजी 1.29 भरतं. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. 100 पॉइंट खाली गेल्यावर दोन्ही नोड कॉल होतात आणि किंमत वर जायची थांबते. वेगवेगळी मोजली तर खालच्या बाजूचं ड्युरेशन 1.18 आणि वरच्या बाजूचं 1.40. निगेटिव्ह कन्व्हेक्सिटी म्हणतात ती हीच. 25 पॉइंटांत ती दिसलीच नव्हती, कारण वरचा नोड 99.75 वर, रेघेच्या अलीकडे थांबला होता. इतक्या छोट्या ट्रीमध्ये रेघ अशी अचानक लागते, बऱ्याच नोडच्या ट्रीमध्ये ती हळूहळू लागते आणि आकडे एवढे उड्या मारत नाहीत. तरी रिपोर्टमध्ये ड्युरेशनचा आकडा लिहाल तेव्हा शेजारी किती पॉइंट सरकवलं तेही लिहा. कॉलची किंमत जवळ असेल तर एकतर्फी दोन्ही आकडेही द्या. समोरचा दर उतरतील म्हणून हेज करत असेल तर त्याला 1.42 चा उपयोग नाही, त्याला 1.18 लागतो.