बोटीवरून बायकोला कविता : 'एकच चंद्र' लिहिण्याआधी घड्याळ बघा

पहिल्या काँट्रॅक्टला निघालेल्या पोरांच्या वहीत हटकून एक कविता असते. 'तूही बघतेस, मीही बघतो, एकच चंद्र आभाळात.' ओळ गोड आहे, पण बहुतेक वेळा खोटी असते. तुम्ही डेकवर आभाळाकडे बघत असता तेव्हा ती गुहागरला किंवा दापोलीला उन्हात धुणं वाळत घालत असते. तिला हे तुमच्याआधी कळतं, कारण तुमच्या बोटीचं घड्याळ तिच्या डोक्यात चालू असतं. ती बोलून दाखवणार नाही. पण कविता आपल्यासाठी लिहिली की कुठून तरी उचलली, हे तिला तिथेच समजतं. ही एक चूक टाळली तर अर्धं काम झालं, म्हणून या चुकीवर जरा जास्तच बोलणार आहे.

आधी एक छोटं, पण महत्त्वाचं. बोटीवरचा कुणीतरी जुना खलाशी सल्ला देईल, 'समुद्राला तिची सवत म्हण, लय भारी वाटतं.' ऐकू नका. जी बाई घराचा हप्ता, सासऱ्यांची औषधं आणि शाळेची फी एकटीने बघते, तिच्यासमोर सवत आणून बसवायची आणि वर दाद मागायची, हा कसला लाड? मोबाइलवर फिरणाऱ्या शायरीत नाव बदलून पाठवणं तर याहून वाईट. तीच शायरी तिला तिच्या मावसबहिणीने आधीच पाठवलेली असते.

आता चंद्राकडे येऊ. नमुना म्हणून एकच प्रसंग घेऊ. बोट साखर भरायला ब्राझीलच्या सांतोस बंदराबाहेर नांगरावर उभी आहे. ऑक्टोबर आहे, कोजागिरी आहे. बायको रत्नागिरी जिल्ह्यात. सांतोस साधारण २४ अंश दक्षिण अक्षांशावर आणि ४६ अंश पश्चिम रेखांशावर येतं. बोटीचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलेलं असेल तर घरच्यापेक्षा साडेआठ तास मागे चालतं.

म्हणजे कोजागिरीच्या रात्री बारा वाजता ती अंगणात आटीव दुधाचं भांडं ठेवते आणि त्यात चंद्र बघते, तेव्हा तुमच्याकडे त्याच दिवसाचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. ऊन आहे, डेक तापलाय, चंद्र अजून क्षितिजाखाली आहे. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो, तेव्हा सांतोसला तो संध्याकाळी सहाच्या सुमाराला वर येईल. त्या वेळी घरी रात्रीचे अडीच वाजलेले असतात. दूध पिऊन झालेलं, पेले विसळलेले, घर झोपलेलं. तिच्याकडचा चंद्र सकाळी सूर्य उगवताना, साडेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तुमचे रात्रीचे दहा. तेव्हा दोघांच्या आभाळात एकाच वेळी चंद्र असतो तो फक्त चार तास, तिच्या अडीच ते साडेसहा आणि तुमच्या सहा ते दहा. आणि ते चारही तास ती झोपेत असते.

हा हिशेब मांडला की पहिल्यांदा वाईट वाटतं. वाटू द्या. पण जरा थांबून बघा, कविता याच हिशेबात आहे. 'एकच चंद्र' या ओळीत काही घडत नाही. 'तुझं बघून झालं की तो माझ्याकडे येतो' या ओळीत घडतं. चंद्र तिच्या दुधाच्या भांड्यात उतरून, तिच्या घराच्या माथ्यावरून पुढे सरकून मग तुमच्याकडे पोचतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, उष्टा. नवराबायकोत उष्टं चालतं, किंबहुना तेच गोड लागतं. 'उष्टा चंद्र' सुचला की कविता उभी राहिली समजा.

हा हिशेब स्वतः करायचा तर फार लागत नाही. बोटीची वेळ आणि भारतीय वेळ यांतला फरक काढायचा. बोट भारताच्या पश्चिमेला असेल तर बोटीवरचा पौर्णिमेचा चंद्रोदय सूर्यास्ताच्या आसपास धरायचा, तिचा चंद्रास्त सूर्योदयाच्या आसपास; पूर्वेला असेल तर उलट, तिचा चंद्रोदय आणि बोटीवरचा चंद्रास्त. दोन्ही एकाच घड्याळात मांडले की मधला काळ हाती येतो. पौर्णिमेच्या पुढेमागे एक दिवस असेल तर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तेवढा फरक धरायचा. कवितेला मिनिटं लागत नाहीत, पण दिवस की रात्र हे चुकलं तर सगळंच फसतं. आणि अष्टमीच्या चंद्राला हे गणित लावू नका. तो सूर्यास्ताला उगवत नाही.

विषुववृत्ताखाली गेलात तर आणखी दोन गोष्टी सांभाळा. ध्रुवतारा तिथे दिसत नाही. रत्नागिरीला तो उत्तर क्षितिजाच्या जेमतेम सतरा अंश वर असतो आणि बोट दक्षिणेला जाते तसा खाली जात जात बुडतो. तेव्हा सांतोसहून 'ध्रुवतारा साक्षी आहे' असं लिहाल तर साक्षीदारच गैरहजर. दुसरं म्हणजे चंद्रावरचा ससा. तिथे मध्यरात्री चंद्र उत्तरेकडे तोंड करून बघावा लागतो, म्हणून ससा आपल्या नेहमीच्या सशाच्या मानाने डोकं खाली केलेला दिसतो. संध्याकाळी, चंद्र अजून चढत असताना, तो नुसता कललेला असतो. हे तपशील कुठल्याही शायरीत मिळत नाहीत. ते फक्त तुमच्याकडे आहेत, तर वापरा.

छंद कुठला? सरळ अष्टाक्षरी घ्या. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. लघु-गुरूचं वृत्त शिकल्याशिवाय पेन हातात धरायचं नाही असं सांगणारे गुरुजी भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. चार ते आठच्या वॉचनंतर गण मोजत बसायला कुणाला त्राण असतं? अक्षर मोजताना मात्र एकच नियम पक्का ठेवा, जोडाक्षर एकच धरायचं. 'मध्यरात्री' म्हणजे म, ध्य, रा, त्री, अशी चार. बोटांवर मोजा, डोळ्यांनी मोजू नका. डोळा हमखास फसवतो.

वरच्या प्रसंगातून उभी राहिलेली कविता अशी:

तुझा चंद्र मध्यरात्री
दुधामध्ये उतरला,
इथे साडेतीन झाले,
गंज उन्हात तापला.

पेले विसळून नीज,
चंद्र ठेव अंगणात;
चार ते आठ जागा मी,
येतो तोच सांतोसात.

उष्टा चंद्र मला दे तू,
चार तास दोघांपाशी;
तू झोपेत, मी जागाच,
ससा कलला उशाशी.

पहिल्या कडव्यात 'साडेतीन' ठेवलं ते मुद्दाम. तिला फरक माहीत आहे, आकडा वाचताच ती हसते. 'तुझ्याविना दिनरात' असं काही तिथे घातलं असतं तर ओळ भरली असती, पण बोट दिसली नसती. 'गंज' हा शब्द काव्यमय नाही, पण मालवाहू बोटीवरच्या माणसाचे निम्मे दिवस गंज खरवडण्यात आणि रंग मारण्यात जातात. तो तिने फोनवर शंभरदा ऐकलेला असतो.

'चार ते आठ' ही चीफ ऑफिसरबरोबरची वॉच. चंद्रोदय सहाला म्हणजे बरोबर त्यातच. तुमची वॉच बारा ते चार असेल तर ही ओळ खोटी ठरेल, ती बदलावीच लागेल, कारण तुमच्या वॉचच्या वेळा तिला पाठ आहेत. शिवाय कोजागिरीला लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते. जागा कोण, तर वॉचवरचा खलाशी. हे कवितेत उघड सांगितलेलं नाही, 'जागा' शब्दात ते आपोआप येतं. समजावून सांगितलं की मजा जाते.

शेवटच्या ओळीतली उशी कुणाची, तिची की केबिनच्या पोर्टहोलखालची तुमची, हे मोकळं सोडलंय. तसंच राहू द्या. पहिल्या खर्ड्यात मात्र असं मोकळं राहत नाही, तिथे हटकून 'आठवण', 'विरह', 'अश्रू' हे तिघे येऊन बसतात. तिघांनाही काढा. कविता लंगडी वाटेल, दोन दिवस ठेवून पुन्हा वाचा, वाटणार नाही.

आता 'आज' आणि 'आत्ता' या शब्दांबद्दल, कारण सापळा तोच आहे, फक्त कपडे बदलून येतो. 'आज लाटा डोंगराएवढ्या' असं लिहून पाठवलंत आणि मग चार दिवस नेट गेलं, तर तिच्यासाठी ते वादळ चार दिवस चालू राहतं. ती रात्री उठून मोबाइल बघते. वादळावर कविता लिहायचीच असेल तर ते सरल्यावर लिहा आणि ते सरलंय हे कवितेतच सांगा. सरळ 'लाटा निवल्या' एवढे दोन शब्द पुरतात.

भरून झाल्यावर बोट सांतोसहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून पूर्वेला निघते, तेव्हा कवितेला नवीन गणित मिळतं. पूर्वेला जाताना दर काही दिवसांनी घड्याळ एक तास पुढे करतात. काही बोटींवर तो तास तीन वॉचमध्ये वीस-वीस मिनिटं वाटून घेतात. झोप जाते, सगळे चिडतात. पण प्रत्येक वेळी घरच्या घड्याळातलं अंतर एक तासाने कमी होतं, म्हणजे बोटीने घेतलेली झोप तिच्याजवळ पोचवते. हे हिंदी महासागरात श्रीलंकेच्या खालून जाईपर्यंतच खरं. तिथे दोन्ही घड्याळं जवळजवळ जुळतात आणि त्यापुढे सिंगापूरकडे जाताना तुम्ही तिच्या पुढे निघून जाता. तिथे जाऊन 'जवळ येतोय' लिहाल तर पुन्हा तीच चूक.

पाठवताना शेवटची खबरदारी. जुन्या सॅटेलाइट मेलवरून देवनागरी कधी कधी नुसती प्रश्नचिन्हं होऊन पोचते, आणि काही बोटींवर मेल कॅप्टनच्या कॉम्प्युटरवरूनच जाते. म्हणून कागदावर हाताने लिहा, फोटो काढा, आकार लहान करा आणि सिग्नल मिळाला की पाठवा. कागद टाकू नका. साइन ऑफच्या वेळी पासपोर्ट आणि सीडीसीच्या पाकिटातच ठेवा, तिला अक्षर हातात हवं असतं. फेसबुकवर टाकणार असाल तर 'सांतोस' काढून 'येतो तोच बंदरात' करा. अक्षरं आठच राहतात आणि बोट कुठे उभी आहे हे गावभर होत नाही.