शेवटची नजर फिरवताना या चुका टाळा

पत्र, नोटीस किंवा करारनामा पाठवण्याआधी सगळेच त्यावर 'एक नजर फिरवतात'. चुका निसटतात त्या इथेच. नजर फिरते तेव्हा डोळ्यांना लिहिलेलं दिसत नाही, लिहायचं होतं ते दिसतं. त्यात ही नजर ठाणे-दादर लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मोबाइलवर फिरवलेली असेल, तर न फिरवलेली बरी. निदान 'तपासलंय' असा खोटा दिलासा तरी मिळत नाही.

सर्वांत महागात पडते ती जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढवण्याची सवय. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस घ्या. गेल्या वर्षीची फाइल उघडली. तेव्हा सभा होती रविवार, १५ सप्टेंबर २०२४, सकाळी १० वाजता. यंदा ती १४ सप्टेंबर २०२५ रोजी ११ वाजता आहे. घाईतला माणूस फक्त साल बदलतो आणि नोटिशीत 'रविवार, १५ सप्टेंबर २०२५' छापून येतं. तो दिवस सोमवार. निम्मे सभासद वार धरतील, निम्मे तारीख.

दुसरा घाईतला माणूस २०२४ च्या जागी २०२५ एकदम बदलून टाकतो. पण पहिल्याच विषयात, मागील सभेचं इतिवृत्त कायम करताना, ती मागची सभा २०२३ चीच राहते. आणि तळाशी एक ओळ कोणी वाचतच नाही: 'गणपूर्ती न झाल्यास तहकूब सभा त्याच ठिकाणी १०.३० वाजता होईल.' सभा ११ ची, तहकूब सभा १०.३० ची!

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. कागदावर प्रिंट काढा आणि मजकूर न वाचता फक्त आकड्यांभोवती पेन्सिलने गोल करा: तारीख, वेळ, रक्कम, विषय क्रमांक, फोन नंबर. मग प्रत्येक गोलाला एकच प्रश्न विचारा, हा आकडा आला कुठून? तारीख आणि वार भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडा, रक्कम ताळेबंदाशी. अक्षरी रक्कम मोठ्याने वाचा, कारण मराठीत ५९ आणि ६९ म्हणजे एकोणसाठ आणि एकोणसत्तर, आणि तिथे हात हमखास घसरतो. मुदत बोटांवर मोजा. नोटीस पूर्ण १४ दिवसांची हवी असेल, तर नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळायचे. म्हणजे १४ सप्टेंबरच्या सभेची नोटीस ३० ऑगस्टपर्यंत सभासदांच्या हाती पडायला हवी. ३१ ला वाटलीत तर एक दिवस कमी पडला.

मराठी मजकुराचं आणखी एक जुनं दुखणं म्हणजे 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होणं. कीबोर्डवर ऱ सापडला नाही की लोक साधा र जोडून मोकळे होतात आणि रफार वर जाऊन बसतो. स्पेलचेकर ते नेहमी पकडतोच असं नाही. शोधखिडकीत फक्त `र्य` टाका आणि एकेक जागा पाहा. कार्य, सूर्य, पर्याय बरोबर आहेत, पण येणार्या, सार्या, दुसर्या दिसले की जागच्या जागी दुरुस्त करा. इथेही सगळं एकदम बदलायचा मोह नको, नाहीतर 'कार्यकारिणी'ची 'काऱ्यकारिणी' होईल. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात हा शोध दोनदा घ्या.

वर्डमध्ये `No Markup` निवडल्याने दुरुस्त्यांच्या खुणा लपतात, जात नाहीत. समोरच्याला तुमची सगळी खाडाखोड दिसू शकते. `Accept All Changes` करा, शेरे पुसा, मगच पीडीएफ काढा.

नावं जोडाक्षरागणिक वाचा. मूळ पत्र शेजारी ठेवूनच, आठवणीतून नाही.

जोडलेली फाइल ईमेलच्या मसुद्यातूनच उघडून पाहा. फोल्डरमध्ये 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'अंतिम नवीन' अशा तिघीजणी नांदत असतात.

आता यादीबद्दल. नेटवरून उचललेली चाळीस कलमी यादी तिसऱ्या दिवशी कोणी वापरत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर, पाठवून झाल्यावर सापडलेली आपली प्रत्येक चूक लिहीत जा. जी दोनदा आली ती यादीत जाते. कलमं सात-आठच ठेवा. 'शुद्धलेखन पाहणे' हे कलम नाही, '`र्य` शोधला का?' हे कलम आहे. ज्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, ते खोडा. एका फेरीत एकच कलम, आणि आकडे व नावं आधी. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी, कारण भाषा वाचायला लागलं की आकडे दिसेनासे होतात.

आणि शेवटच्या फेरीत काही बदललंत, तर तो अख्खा परिच्छेद पुन्हा वाचा. शब्द काढला जातो, त्याला जोडलेलं 'व' मात्र तसंच लोंबकळत राहतं.