कव्हर लेटरवर पेन्सिलीची एक फेरी

कव्हर लेटर स्वतः लिहिलं की स्वतःला ते बरंच वाटतं, चुका दिसत नाहीत. लातूरच्या माझ्या भाचीनं वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी लिहिलेलं पत्र आम्ही असं तपासलं:

१. जाहिरात आणि पत्र दोन्हींची प्रिंट काढा. जाहिरातीतल्या तीन मुख्य अटींखाली रेघ मारा. पत्रातलं जे वाक्य यातल्या एकाही अटीला उत्तर देत नाही, ते खोडा. तिचा शाळेतल्या वक्तृत्वाचा परिच्छेद इथेच गेला.

२. उरलेल्या प्रत्येक दाव्यापुढे ‘कशावरून?’ लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तिनं लिहिलं होतं, ‘मी मेहनती असून मला तपासणीचं चांगलं ज्ञान आहे.’ त्याचं झालं, ‘अप्रेंटिसशिपच्या ८ महिन्यांत मी रोज साधारण ६० शाफ्ट मायक्रोमीटरनं मोजून तपासणी अहवाल भरत होते.’ मेहनती हा शब्द आपोआप गळाला.

३. मोठ्यानं वाचा. एका दमात न संपणारं वाक्य तोडा. ‘कृपया एक संधी द्यावी ही नम्र विनंती’ हा अर्जातला सूर काढा, ‘मीच योग्य’ हाही.

४. शेवटी कंपनीचं नाव, पद, तारीख, फोन नंबर. भाचीच्या पत्रात मागच्या कंपनीचं नाव तसंच राहिलं होतं!

फक्त आकडे फुगवू नका. मायक्रोमीटर लिहिलंत की मुलाखतीत त्याचा लीस्ट काउंट विचारणारच.