खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग करताय? सॅम्पल रेट आणि बिट डेप्थच्या या चुका टाळा

विदर्भातल्या गावात रेकॉर्डिंगची खरी परीक्षा बघायची असेल तर खंजिरी भजन रेकॉर्ड करा. सुरुवातीला एकटा गायक, सोबत हार्मोनियमचा नुसता सूर, आवाज इतका हळू की मागच्या ओळीतल्यांना पुढे सरकावं लागतं. मग चाल चढते, खंजिरी लागते, झांज लागते, आणि पाच मिनिटांपूर्वी अगदी बरोबर वाटणारी लेव्हल लाल दिव्यात जाते. WAV की एमपीथ्री, ४४.१ की ४८, १६ बिट की २४, हे प्रश्न इथे परीक्षेपुरते राहत नाहीत.

चूक पहिली: १६ बिटवर ठेवून गेन वर ओढणं

"यूट्यूबवर तर टाकायचं आहे, सीडी पण १६ बिटचीच असते, मग २४ कशाला?" हा प्रश्न चुकीचा नाही. ऐकणाऱ्यासाठी १६ बिट पुरतात. रेकॉर्ड करणाऱ्यासाठी पुरत नाहीत, कारण पुढचा फटका किती जोरात बसणार आहे हे त्याला माहीत नसतं.

प्रत्येक बिटमागे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ६ डेसिबलनं वाढतं. १६ बिटला सुमारे ९६, २४ बिटला कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगल्या रेकॉर्डरचं सर्किटही ११०-१२० च्या पुढे फारसं जात नाही, तरी ९६ पेक्षा ते बरंच झालं. मीटरवर शून्य म्हणजे वरचं टोक, त्याच्यावर काहीच लिहिलं जात नाही. कापसानं भरलेली बंडी कमानीखालून न्यायची असेल तर आपण बोंडभर जागा ठेवून भरत नाही, हातभर ठेवतो. शून्याच्या खाली मोकळी सोडलेली ती जागा म्हणजे हेडरूम. २४ बिटमध्ये ही जागा जवळजवळ फुकट मिळते. १६ बिटमध्ये तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत टाळायला लोक गेन वाढवतात. तिथेच आवाज फाटतो.

एक उदाहरण आकड्यांत बघू. भजन सुरू होण्याआधी खंजिरीवाल्याला "जोरात वाजवा" म्हणून सांगितलं आणि मीटर उणे ६ वर गेला. बहुतेक जण इथेच खूश होतात. पण तपासणीच्या वेळी कुणीच रंगात आलेलं नसतं. प्रत्यक्ष भजनात तोच हात आठ-दहा डेसिबलनं सहज वाढतो, म्हणजे शून्याच्या वर, म्हणजे फाटलेला. म्हणून तपासणीत सगळ्यात मोठा फटका उणे १८ च्या आसपास ठेवायचा. मग रंगात आल्यावर तो उणे ८-१० पर्यंत येतो आणि सुखरूप राहतो. खंजिरीचा फटका इतका तोकडा असतो की साधा मीटर त्याला पूर्ण पकडतही नाही, हेही धरून चला.

आता मंडळातलं कुणीतरी हेडफोन लावून म्हणणारच, "भाऊ, आवाज लय कमी येऊन रायला, वाढवा न थोडा." हेडफोनचा आवाज वाढवा, गेनला हात लावू नका.

अशा लेव्हलवर सुरुवातीचा आलाप उणे ४२ ला बसला असं धरू. घरी आल्यावर तो ऐकू यावा म्हणून २४ डेसिबलनं वर उचलला. १६ बिटच्या फाइलमध्ये तळाचा खरखराट उणे ९६ वर होता, तोही सोबत उचलला जाऊन उणे ७२ वर आला. २४ बिटमध्ये रेकॉर्डरचा स्वतःचा आवाज उणे ११० वर असेल तर तो उणे ८६ वर येतो. फरक ऐकू येतो का? शांत देवळात, हेडफोनवर, हो. पण सभामंडपात पंखा फिरत असेल आणि त्याची घरघर उणे ६० वर असेल, तर ती दोन्ही फाइलींत उणे ३६ वर येणार आणि बाकी सगळं तिच्याखाली झाकलं जाणार. २४ बिट पंखा बंद करत नाहीत. ते फक्त तुम्हाला बिनधास्त कमी गेनवर राहू देतात. फायदा एवढाच, पण त्यासाठीच ते घ्यायचे.

रेकॉर्डरमधली ऑटो लेव्हल मात्र बंदच ठेवा. ती चालू असेल तर प्रत्येक फटक्यानंतर गायकाचा आवाज दबतो आणि हळूहळू वर येतो. भजनभर श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं आणि नंतर ते नीट काढता येत नाही.

चूक दुसरी: हेडरूमसाठी सॅम्पल रेट वाढवणं

९६ किलोहर्ट्झ केलं की आवाज फाटणार नाही, असा एक समज फिरत असतो. सॅम्पल रेटचा आणि लेव्हलचा काही संबंध नाही. किती उंच स्वर पकडता येईल हे सॅम्पल रेट ठरवतो, आणि ती मर्यादा त्याच्या निम्मी असते. ४८ किलोहर्ट्झवर ती २४ किलोहर्ट्झ होते. माणसाचा कान २० च्या वर जात नाही. आवाज नंतर खूप खेचून हळू करायचा असेल तर ९६ चा उपयोग होतो. भजनासाठी माझं मत स्पष्ट आहे: ४८ आणि २४, बस. व्हिडिओला ४८ च लागतो, त्यामुळे पुढे बदलाबदलही करावी लागत नाही.

जागेचा हिशेबही बघा. स्टिरिओ ४८/२४ ला तासाला एक जीबीच्या थोडं वर लागतं, ९६/२४ ला दुप्पट. साध्या WAV फाइलची मर्यादा ४ जीबी असते, म्हणून ९६ वर दोन तासांच्या आसपास फाइल तुटते. बरेच रेकॉर्डर स्वतःच नवी फाइल सुरू करतात, पण रात्रभरच्या कार्यक्रमाआधी आपला रेकॉर्डर काय करतो ते घरी तपासून घ्या.

भजन पट्टी सोडून का वाजतंय?

४४.१ ची फाइल ४८ समजून वाजवली की ती सुमारे ९ टक्के जलद होते आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी चढतो. ओळखायची सोपी खूण: काळी एकमधलं भजन हार्मोनियमशी जुळवायला गेलात तर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी अडकतं, आणि तासाभराचं रेकॉर्डिंग ५५ मिनिटांत संपतं. उलट झालं तर आवाज जाड होतो आणि तास ६५ मिनिटांचा होतो. रेकॉर्डर आणि प्रोजेक्ट यांचे सॅम्पल रेट वेगळे असले आणि सॉफ्टवेअरनं फाइल आत घेताना बदलून घेतली नाही, की हे घडतं.

ऑडॅसिटीमध्ये इथे एक सापळा आहे. ट्रॅकच्या मेनूतला `Rate` बदलला की फाइल तीच राहते, फक्त वेगानं किंवा हळू वाजते. खरोखर रूपांतर करायचं तर `Resample` वापरायचं. चुकीच्या आकड्यानं आलेली फाइल दुरुस्त करायला मात्र तोच `Rate` कामी येतो.

लाल दिवा लागला नाही, तरी आवाज फाटलाय

मंडपवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावली की हे होतं. सिग्नल इतका जोरदार असतो की रेकॉर्डरचं पुढचं सर्किटच आधी फाटतं आणि मग तो फाटलेला आवाज शांतपणे उणे ८ वर लिहिला जातो. फाइल मोठी करून बघा: लाटांची डोकी शून्याच्या बरीच खाली, पण सगळी एकाच उंचीवर कापलेली दिसतात. तिथे २४ बिट काय, ३२ बिट फ्लोटही उपयोगाचं नाही. इनपुट `LINE` वर घ्या, ती सोय नसेल तर मिक्सरवरून रेकॉर्डरकडे जाणाऱ्या आउटपुटचा नॉब खाली आणा, आणि खंजिरी जोरात वाजत असतानाच मिनिटभर रेकॉर्ड करून पुन्हा बघा.