नारळाचं सारण भरलेले पॅनकेक रोल करताना फाटतायत? मग या चुका टाळा

पातळ पॅनकेक तव्यावर फाटला की दहातले नऊ जण एकच गोष्ट करतात, पिठाचा डबा उघडतात आणि घोळात अजून दोन चमचे मैदा ढकलतात. कृपा करून हे करू नका. हे बघून बघून मला खरंच कंटाळा आलाय. मैदा वाढवला की पुढचा पॅनकेक फाटत नाही, हे खरं आहे, पण तो जाड होतो, आणि जाड पॅनकेक तव्यावर शहाण्यासारखा वागतो आणि सारण ठेवून गुंडाळायला घेतला की मधोमध तडकतो. म्हणजे फाटणं फक्त पुढे ढकललं, थांबलं नाही.

आधी मी जे प्रमाण धरते ते सांगते म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल. एक कप मैदा (साधारण १२५ ग्रॅम), ३०० मिली दूध, एक अंडं, चिमूटभर मीठ, एक टेबलस्पून वितळलेलं बटर. आठ इंची नॉनस्टिक तव्यावर यात आठ-नऊ पॅनकेक होतात. सारणाला दोन कप खवलेला ओला नारळ, पाऊण कप चिरलेला गूळ, वेलची. बस.

घोळ केल्या केल्या त्याचा पातळपणा ठरवणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. मैदा दुधात कालवला की तो लगेच सगळं दूध पीत नाही, त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ता जो घोळ पाण्यासारखा वाटतोय तो अर्ध्या तासाने बऱ्यापैकी दाट झालेला असतो. शिवाय फेटताना मैद्याला जो चिवटपणा येतो तो या वेळात सैल पडतो आणि आत अडकलेली हवा निघून जाते. ही हवा राहिली तर तव्यावर बारीक बारीक भोकं पडतात आणि नंतर रोल तिथूनच उसवतो. तेव्हा किमान अर्धा तास झाकून ठेवा, आणि पातळ-जाड काय करायचं ते त्यानंतरच करा. "वेळ नव्हता म्हणून लगेच घातले" असं सांगणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, आधी घोळ करा आणि मग नारळ खवायला बसा, सारण होऊन गार होईपर्यंत घोळाचा अर्धा तास आपोआप भरतो. मिक्सरमधून गरागरा फिरवून वेळ वाचवायचा शॉर्टकट तर अजिबात नको, त्याने चिवटपणा आणि फेस दोन्ही वाढतात. गुठळ्यांची भीती असेल तर मैद्यात आधी अंडं आणि अर्धंच दूध घालून गुळगुळीत करा, मग उरलेलं दूध आणि बटर घाला. तरी राहिल्याच तर गाळून घ्या.

बरोबर पातळपणा कसा ओळखायचा? पळीने घोळ उचलून वरून सोडा. धार अखंड पडली पाहिजे आणि भांड्यातल्या घोळावर तिची रेघ उमटल्या उमटल्या गायब झाली पाहिजे. रेघ वर तशीच दिसत राहिली तर घोळ जाड आहे, एकेक टेबलस्पून दूध घालत जा. उलट बाजूने बघायचं तर पळीच्या पाठीवर घोळाचा पातळ थर बसायला हवा, त्यात बोट फिरवलं की रेघ क्षणभर तरी टिकायला हवी. पळी नुसतीच ओली दिसली, थर धरलाच नाही, तरच मैदा वाढवायची वेळ आली असं समजा, आणि तोही सरळ भांड्यात भुरभुरवू नका, थोड्या घोळात वेगळा कालवून मग मिसळा.

तवा तापलाय की जास्तच तापलाय

आता माझ्या भाचीची गोष्ट. संध्याकाळी पाहुणे येणार होते, सारण तयार, घोळ अर्धा तास ठेवलेला, सगळं नीट, आणि तिचा रडवेला व्हिडिओ कॉल, "मावशी, एकही अख्खा निघत नाहीये गं, घोळ बिघडलाय, मैदा घालू का?" मी म्हटलं आधी हात थांबव आणि फाटलेला पॅनकेक कॅमेऱ्यासमोर धर. बघितलं तर मध्ये जाड गोळा, कडेला जाळी, आणि गोळा संपतो तिथून जाळी सुरू होताना बरोबर चीर गेलेली. हे घोळाचं दुखणं नव्हतंच. घोळ तव्यावर पडल्या पडल्या मध्ये धरला जात होता आणि पसरायच्या आत शिजत होता. मग ती काय करत होती तर पळीच्या पाठीने तो अर्धवट शिजलेला घोळ ओढून कडेपर्यंत नेत होती, त्यात वरचा थर सोलला जात होता.

गॅस बघायला सांगितला तर मोठा. तव्यावर पाण्याचे थेंब टाकायला सांगितले तर थेंब गोळ्या होऊन तव्यावर इकडून तिकडे पळायला लागले. थेंब पळतात म्हणजे तवा या कामाला खूपच गरम आहे. थेंब पडल्यावर चुर्र होऊन एक-दोन सेकंदात जागच्या जागी आटला पाहिजे. थेंब पडून नुसता बसून राहिला, कडेने हळूहळू बुडबुडे आले, तर तवा थंड आहे.

मग तिला म्हटलं, घोळाला हात लावू नकोस. गॅस बारीक कर, तवा बाजूला घेऊन मिनिटभर गार होऊ दे. ओल्या फडक्यावर टेकवला तरी चालतो. (हे जाड बुडाच्या तव्याचं सांगतेय, पातळ तवा असा अचानक गार केला तर वाकतो.) मग तूप लावलेला टिश्यू फिरव, तुपाचं डबकं दिसता कामा नये, कारण जास्त तूप असलं की घोळ घसरतो, कुठे साचतो, कुठे टक्कल पडतं. आता तवा गॅसवरून उचलून हातात धर, तीन टेबलस्पून घोळ एकदम मध्ये ओत आणि त्याच क्षणी मनगटाने तवा गोल फिरव. पळीने पसरवायचं नाही. चिमटीने थोडं थोडं ओतत बसायचं नाही. एका दमात ओतायचं आणि तवा फिरवायचा, की मग गॅसवर ठेवायचं.

पुढचा निघाला. कडेला किंचित जाड होता पण अख्खा. त्याच घोळाचे बाकीचे सगळे नीट झाले, मैद्याचा एक कणही वाढवावा लागला नाही.

तवा थंड असण्याची चूकही तितकीच होते, फक्त ती उशिरा कळते म्हणून लोक तिला नावं ठेवत नाहीत. मंद आचेवर पॅनकेक शिजायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात त्यातला ओलावा उडून जातो, दिसायला पांढरा आणि हाताला चामट होतो, आणि गुंडाळताना कोरड्या घडीसारखी रेघ पडून तिथेच फुटतो. योग्य आचेवर पहिली बाजू साधारण एका मिनिटात होते. वरची ओली चमक गेली आणि कडा आपणहून सुटून वर आल्या की उलटा, दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस सेकंद पुरे. कडा सुटायच्या आत उलथनं खुपसणारे उतावीळ लोक मी खूप बघितलेत, त्यांचा पॅनकेक फाटतो आणि दोष तव्याला मिळतो. थांबा जरा, तो स्वतः सांगतो.

आणि एकदा आच जमली म्हणून गॅस विसरून जाऊ नका. चार-पाच पॅनकेक झाल्यावर तवा पहिल्यापेक्षा जास्त तापलेला असतो, म्हणून मी दर वेळी ओतण्याआधी तो उचलून पाच-दहा सेकंद हवेत धरते, सवयच आहे.

बाकीच्या, थोडक्यात

घोळात साखर घालू नका, गोडवा सारणात आहे, साखर तव्याला धरते आणि पॅनकेक चिकटतो.

बेकिंग पावडर नको म्हणजे नको. ती फुगवते, आणि फुगलेला पॅनकेक गुंडाळताना चिरतो.

अंडं न घालता करत असाल तर पकड कमी असते हे लक्षात ठेवून घोळ तासभर ठेवा, पॅनकेक थोडे लहान घाला आणि उलटवताना खालून पूर्ण हात जाईल असं रुंद उलथनं वापरा.

तव्यावरून काढलेले पॅनकेक ताटात सुटे सुटे वाळत ठेवू नका. एकावर एक रचा आणि वर स्वच्छ फडकं झाका. त्यांच्याच वाफेने कुरकुरीत कडा मऊ पडतात. कडक कडेचा पॅनकेक कितीही सांभाळून गुंडाळा, तुटणारच.

सारण

पॅनकेक उत्तम झाले तरी सारणामुळे फाटतात, आणि याकडे कुणी बघतच नाही. गूळ वितळून नुसता पाघळलेला असताना सारण उतरवलं तर पाक खाली साचतो, पॅनकेक तो पितो आणि दहा मिनिटांत खालच्या बाजूने विरघळल्यासारखा सुटतो. मध्यम-मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, चमच्याने बाजूला सारलं की मागे पाक वाहत यायला नको आणि सारण कढईभर एकत्र फिरायला हवं, तिथे गॅस बंद करा. अगदी सुकेपर्यंत परतत राहिलात तर गार झाल्यावर गुळाचे खडे होतात आणि ते खडे आतून पॅनकेक टोचतात. तसं झालंच तर दोन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर पुन्हा सैल करून घ्या. नारळ बारीक खवा, लांब तुसं आणि पाठीची तपकिरी साल येऊ देऊ नका, तीही टोचते. आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, कोमटसुद्धा नाही.

भरताना तपकिरी ठिपक्यांची बाजू खाली ठेवा म्हणजे रोल झाल्यावर ती बाहेर येते. सारण दोन टेबलस्पून, मधोमध न ठेवता आपल्याकडच्या कडेपासून तिसऱ्या हिश्श्यावर, आडव्या पट्टीत दाबून. जास्त कोंबण्याचा मोह आवरा. आधी जवळची कड सारणावर घ्या, मग दोन्ही बाजू आत दुमडा, मग पुढे गुंडाळत जा, आवळून नाही, फक्त सारणाला लागून. जोड खाली येईल असे ताटात ठेवा.

आदल्या दिवशी करून ठेवायचे असतील तर भरलेले रोल ठेवू नका, रात्रभरात सारणाचा ओलावा पॅनकेकमध्ये उतरतो. पॅनकेकची चळत झाकून आणि सारण वेगळ्या डब्यात, दोन्ही फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमधला पॅनकेक थंडगार असताना उलगडायला गेलात तर चिरेल, म्हणून मंद तव्यावर दहा सेकंद ऊब देऊन मग भरा.