फोटोतलं हाड वाचा: मटण-चिकन मागवताना या चुका टाळा

रविवारी सकाळी ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, मटणवाल्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायला लागतात. स्टीलच्या ताटात मटणाचा ढीग आणि खाली एक ओळ, 'ताजा बोकड आहे, किती ठेवू?' आपण लालपणा बघतो, 'एक किलो' असं टाकतो आणि मोकळे होतो. दुपारी रस्सा पातळ निघतो, फोडी दोरीसारख्या तुटतात, आणि बोलणी खातो तो बिचारा मसाला. मटण वाईट नसतं, चुकीच्या भागाचं असतं. तो भाग कुठला हे फोटोत दिसत होतं, फक्त बघायचं हाडाकडे होतं.

चूक पहिली: रंगावरून पसंत करणं

दुकानातले दिवे पिवळट किंवा लालसर असतात, आणि फोनचा कॅमेरा लाल रंग आणखी गडद करतो. त्यामुळे फोटोतल्या रंगावरून मटणाबद्दल फारसं काही ठरत नाही. हाडाचा आकार मात्र कुठल्याही दिव्याखाली बदलत नाही. रंग बघायचाच असेल तर तुटलेल्या हाडाचा बघा. कोवळ्या बोकडाचं हाड सांध्याजवळ गुलाबी आणि सच्छिद्र दिसतं. वय झालेल्या जनावराचं हाड पांढरं, घट्ट आणि कोरडं दिसतं. असं मटण शिजायला जास्त वेळ घेतं, ते शेगडीवर टाकू नये.

चूक दुसरी: गोल हाड दिसलं की 'रान' समजणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मागची मांडी म्हणजे रान, आणि पुढचा पाय खांद्यासकट म्हणजे दस्त. दोन्हींत गोल नळी असते, म्हणून नुसत्या नळीवरून ओळख पटत नाही. नळीभोवतीचं मांस बघा. रानाच्या तुकड्यात मांसाचे दोन-तीन मोठे, सलग गोळे दिसतात आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या रेषा कमी असतात. दस्ताच्या तुकड्यात लहान लहान स्नायू एकमेकांना लागून असतात आणि प्रत्येकामधून पांढरा पापुद्रा किंवा चरबीची रेघ जाते.

त्याहून पक्की खूण म्हणजे खांद्याचं पातं. ते त्रिकोणी आणि पातळ असतं, त्याच्या एका बाजूवर उभी कड असते. सुऱ्याने आडवं तोडलं की तुकड्यात ते इंग्रजी T सारखं दिसतं, किंवा नुसती चपटी पट्टी दिसते. कोवळ्या बोकडात या पात्याच्या वरच्या कडेला मऊ पांढरी कुर्ची असते. ताटात असं चपटं हाड दिसलं तर त्यात बहुधा दस्त आहे.

गुडघ्याखालच्या नडगीतही फरक आहे. पुढच्या नडगीत दोन हाडं एकमेकांना चिकटलेली असतात, एक जाड आणि मागे एक बारीक. मागच्या नडगीत एकच हाड असतं.

एवढं बारीक कशाला बघायचं? चालताना शरीराचा बराच भार बोकडाच्या पुढच्या पायांवर पडतो. म्हणून त्या भागात स्नायूंना बांधून ठेवणारे पापुद्रे आणि तंतू जास्त असतात. पाण्यात मंद आचेवर ते हळूहळू विरघळतात आणि रश्शाला चिकटपणा देतात. कोरड्या, कडक आचेवर त्यांना विरघळायला वेळच मिळत नाही, ते आवळतात आणि मांस चामट होतं. म्हणून रश्शाला दस्त, छातीकडचा सीना आणि मान. भाजायला पाठीकडच्या बरगडीची चाप आणि रानाचं बोनलेस. नुसत्या रानाचा रस्सा करता येतो, पण त्यात चरबी आणि तंतू दोन्ही कमी. दस्ताएवढा वेळ कुकरमध्ये ठेवलं तर रानाच्या फोडी कोरड्या पडतात आणि रस्सा तरी पाण्यासारखाच राहतो.

एक ताट वाचून बघू

समजा कोपरखैरणेतल्या दुकानदाराने दीड किलो 'मिक्स' मटणाचा फोटो पाठवलाय, आणि घरी आगरी पद्धतीचा रस्सा व्हायचाय, सोबत तांदळाची भाकरी. ताटाच्या डाव्या बाजूला सात-आठ मोठ्या, चरबी नसलेल्या फोडी आहेत. त्यातल्या दोघींत जाड गोल नळी आणि सलग मांस. म्हणजे रान. मध्ये दोन तुकड्यांत चपटं हाड, दस्त. उजवीकडे बरगडीचे तीन तुकडे, त्यांच्या टोकाला पांढरी कुर्ची, मांस पातळ आणि मध्ये चरबीचा थर. तो सीना. कोपऱ्यात मधोमध भोक असलेलं वेडंवाकडं हाड आणि भोवती बारीक मांस, ती मान. उरलेल्या जागी फिक्या, लोंबत्या पट्ट्या. हे पोटाकडचं पातळ मांस असतं, त्यात चघळायलाच जास्त.

मोजून बघितलं तर निम्म्याहून जास्त ताट रानाचं आहे. फोटोत भरगच्च दिसतं कारण रानाच्या फोडी मोठ्या आणि स्वच्छ असतात, म्हणूनच दुकानदारही त्या वर मांडतो. रश्शासाठी हे प्रमाण उलटं हवं. उत्तर असं पाठवा: 'भाई, रान अर्धा किलोच द्या. पाऊण किलो दस्त आणि पाव किलो सीना. एक नळी घाला, पण मधोमध एकाच घावात तोडा. पोटाची पट्टी नको.'

नळीचं खास सांगायचं कारण आहे. बोथट सुऱ्याचे चार-पाच घाव बसले की नळी फुटते आणि हाडाच्या किरच्या मांसात शिरतात. फोटोत तुटलेल्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसत असतील तर मटण धुताना प्रत्येक फोड बोटांनी चाचपा.

शिजवताना दस्त, सीना आणि नळी आधी चढवा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून दहा मिनिटं ठेवा. कुकर उतरल्यावर रानाच्या फोडी घाला आणि पुन्हा शिट्टीनंतर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. जनावर जून असेल तर दोन्ही वेळा पाच-पाच मिनिटं वाढवा. सगळं एकदम चढवलं तर एक भाग कच्चा राहतो नाहीतर दुसऱ्याचा चोथा होतो.

चूक तिसरी: बरगडी दिसली की 'चाप' म्हणून मागवणं

बरगडी चापेतही असते आणि सीन्यातही. चापेला एका टोकाला पाठीच्या कण्याचं जाड हाड असतं आणि त्याला लागून मांसाचा एक गोल, घट्ट गोळा. सीन्यात तो गोळा नसतो. सीना जाळीवर टाकला की चरबी निखाऱ्यावर गळते, ज्वाळा उठते, बाहेरून काळं होतं आणि आत रबर राहतं.

खरी चाप कोवळ्या बोकडाची असेल तर आलं-लसूण, दही आणि मिठात दोन-तीन तास ठेवून थेट भाजता येते. हाड पांढरं, कोरडं दिसत असेल तर आधी वाटीभर पाण्यात आलं-लसूण घालून कुकरमध्ये दहा मिनिटं वाफवा आणि मग तव्यावर घ्या. रानाच्या बोनलेसला कच्च्या पपईचा वाटलेला गर लावतात. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा, आणि दोन तासांपेक्षा जास्त नाही. रात्रभर ठेवलेल्या तुकड्यांचा वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो आणि सळईवरून गळून पडतो.

चिकनचे फोटो

चिकनमध्ये फसवणूक कमी आणि गैरसमज जास्त. करी कटचा फोटो आला की तंगड्या मोजा. एका कोंबडीला तंगड्या दोनच आणि मांड्याही दोनच. किलोभराच्या एका कोंबडीच्या ताटात चार तंगड्या दिसल्या तर ते तुकडे दोन-तीन कोंबड्यांमधून जमवलेत, आणि लहान-मोठे तुकडे एका वेळी शिजत नाहीत. त्यातलं एखादं छोटं 'तंगडीसारखं' हाड तर पंखाचा वरचा भाग असतो, ज्याचं लॉलीपॉप करतात. शेजारी खरी तंगडी ठेवली की आकारातच फरक कळतो.

बोनलेसचा फोटो नीट बघा. छातीचं मांस फिकं गुलाबी, गुळगुळीत, लांबट असतं आणि रेषा एकाच दिशेने जातात. मांडीचं बोनलेस गडद, वेडंवाकडं असतं आणि कडेला चरबी लागलेली असते. टिक्क्यासाठी नुसतं 'बोनलेस द्या' म्हटलं की बहुधा छाती येते, आणि जाळीवर पाच मिनिटं जास्त झाली की तिचा कापूस होतो. मांडी तेवढी चूक पोटात घालते. छातीच्या मांसावर रेषांच्या दिशेनेच जाड पांढरे पट्टे दिसत असतील तर ते वेगाने वाढवलेल्या ब्रॉयलरचं लक्षण. ते खराब नसतं, पण भाजल्यावर चिवट लागतं. त्याचा खिमा करून घ्या.

पाठीच्या तुकड्यात हाडाच्या खळगीत तपकिरी-लाल गोळे दिसतात. ते साकळलेलं रक्त नव्हे, कोंबडीची मूत्रपिंडं आहेत. रश्शात चालतात, पण स्टॉक करायचा असेल तर बोटाने खरवडून काढा, नाहीतर तो गढूळ आणि कडवट होतो. फ्रोझन तंगडीच्या सांध्याजवळ हाड काळपट दिसलं तरी घाबरू नका, कोवळ्या हाडातला मगज बाहेर झिरपलेला असतो.

स्टॉकसाठी मांस मागवू नका

सूप किंवा बिर्याणीच्या यखनीसाठी लोक करी कट उकळतात. चव येते, पण स्टॉक पातळच राहतो, कारण त्याला अंग येतं ते कुर्ची आणि कातडीतून. दुकानदाराला सांगा, 'पाठ, मान, पंख आणि पाय वेगळे काढून ठेवा.' या वस्तू स्वस्त असतात, कधी तशाच मिळतात. पायांच्या नख्या काढायच्या आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून वरचं पिवळं कातडं सोलायचं. एक किलो हाडांना दोन लिटर थंड पाणी. फेस काढत राहा आणि बुडबुडे जेमतेम येतील एवढ्याच आचेवर दोन-अडीच तास ठेवा. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून दुधाळ होते.

बोकडासाठी मान, नडगी आणि पाया घ्या. पातेल्यात चार तास लागतात, कुकरमध्ये शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. गाळून रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भांडं हलवल्यावर आतलं जेलीसारखं थरथरलं तर हाडं बरोबर निवडली होती. पाण्यासारखं हललं तर पुढच्या वेळी पाय वाढवा आणि फोडी कमी करा.