सांस्कृतिक सचिवाचं पहिलं भाषण: सणांच्या तारखा सांगताना या चुका टाळा

कॉलेज सुरू झालं की स्वागत समारंभात सांस्कृतिक सचिव माईक हातात घेतो आणि वर्षभरात काय काय होणार ते सांगतो. या भाषणात उत्साह कमी पडत नाही, घोळ होतो तो तारखांचा. मुलं तिथल्या तिथे मोबाइलमध्ये तारीख टाकतात, गावाला जायचं तिकीट काढतात. चुकीची तारीख एकदा पसरली की नंतरची सूचना निम्म्या मुलांपर्यंत पोचत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागच्या वर्षीची यादी घेऊन प्रत्येक सण अकरा दिवस अलीकडे ओढणं. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, त्यामुळे हा हिशेब एखाद-दोन वर्षं जमतोही. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. हे पाहून कुणी 2026 साठी 16 ऑगस्ट लिहिलं, तर चूक जवळजवळ महिन्याची होते, कारण यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. मधे 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ येऊन गेला, म्हणून त्यानंतरचे सण पुढे सरकले. लक्ष्मीपूजनही 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरला गेलं. म्हणून यादी करण्याआधी पंचांग उघडून एवढंच बघा: मागच्या वर्षीच्या सणापासून यंदाच्या त्याच सणापर्यंत अधिक महिना येतो का?

ईदला हा नियम लावू नका. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडेच येते. 2025 मध्ये ईद-ए-मिलाद 5 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, अशी लागून आली. 2026 मध्ये ईद 26 ऑगस्टच्या सुमारास, तर अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला. गेल्या वर्षी दोन्हींचं नियोजन एकत्र केलेल्या समितीने तेच वेळापत्रक पुन्हा वाचलं, तर ईदचा कार्यक्रम ईद होऊन गेल्यावर येईल.

सण आणि सुट्टी एकच धरणं हीसुद्धा नेहमीची चूक. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या, तेव्हा ईदची सरकारी सुट्टी 29 ला दिली गेली. 2025 मध्ये मुंबई शहर आणि उपनगरात ती 5 वरून 8 सप्टेंबरला नेली. असे निर्णय ऐनवेळी येतात. भाषणात सुट्टीची हमी देऊ नका. सुट्टी परिपत्रकाने ठरते, आणि ते वाचून दाखवणं ऑफिसचं काम आहे.

मग बोलायचं कसं? तारखांचे तीन गट करा आणि प्रत्येक गट वेगळ्या शब्दांत सांगा. 15 ऑगस्ट, 5 सप्टेंबर, 27 फेब्रुवारी या पक्क्या तारखा नुसत्या सांगितल्या तरी चालतात. पंचांगातल्या तारखांसोबत वार जोडा: ‘गणपती सोमवारी, 14 सप्टेंबरला. त्या दिवशी कॉलेज बंद, म्हणून आपला पारंपरिक वेशाचा दिवस शनिवारी 12 ला.’ मुलांना हवा असतो तो कॉलेजातला दिवस, आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो. तिसऱ्या गटात चंद्रदर्शनावर ठरणारे सण आणि विद्यापीठाचा युवा महोत्सव. तिथे सरळ म्हणा: ‘ईद 26 ऑगस्टच्या आसपास, चंद्रदर्शनानुसार एक दिवस इकडेतिकडे होईल. युवा महोत्सवाची तारीख परिपत्रक आल्यावर कळवू, पण नावनोंदणी आजपासून सुरू.’

असं अंदाजाने सांगितलं की समितीची तयारी कच्ची दिसेल, म्हणून पुष्कळ सचिव ठाम तारीख ठोकून देतात. मला हे अजिबात पटत नाही. अंदाज आहे हे आधी सांगितलेलं असलं, की तारीख हलल्यावर कुणी बिथरत नाही. ठाम सांगून ती बदलली, की पुढच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

वसतिगृहातल्या मुलांसाठी दिवाळीबद्दल एक वाक्य जास्त बोला. अमावास्या दोन दिवसांत विभागली की पंचांगांत फरक पडतो. 2024 मध्ये अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला झालं, आपल्याकडे 1 नोव्हेंबरला. 2025 मध्येही 20 आणि 21 ऑक्टोबर असा फरक होता. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना सांगा की तिकीट घरच्यांना विचारून काढा.

आणि बारा महिन्यांची यादी वाचू नका. चौथ्या-पाचव्या सणानंतर मुलं ऐकत नाहीत. दसऱ्यापर्यंतचं बोला, पुढचं फलकावर लावा. फलकावरच्या प्रत्येक तारखेपुढे ‘पक्की’, ‘पंचांगानुसार’ किंवा ‘अंदाजे’ असं लिहा, आणि बदल झाल्यास तो कुठे व कोण कळवणार, त्या एकाच व्यक्तीचं नाव भाषणात सांगा.